एकच प्रश्न, तीन वाटा : अपूर्णांकांच्या तुलनेच्या धड्याच्या नोंदी

५ जानेवारी

सहावीच्या वर्गासाठी अपूर्णांकांच्या तुलनेचा धडा नव्याने बांधायला घेतला. मागच्या वेळचं टाचण समोर आहे. त्यात पटकन उरकणाऱ्या मुलांसाठी शेवटी एक ओळ आहे : 'ज्यांचं झालं त्यांनी आणखी १० उदाहरणे सोडवावीत.' ही ओळ सगळ्यात आधी खोडली. ज्याला छेद समान करून तुलना करता येते, त्याला तेच आणखी दहा वेळा करायला लावलं की तो एक गोष्ट नक्की शिकतो, लवकर संपवलं तर काम वाढतं. पुढच्या तासाला तो मुद्दाम हळू लिहितो.

दुसरा सोपा मार्ग म्हणजे त्यांना पुढच्या धड्यावर पाठवणं. तोही नको. मग महिनाभराने वर्ग तिथे पोचतो तेव्हा ही मुलं पुन्हा रिकामी बसतात. शिवाय वर्गात एक विषय चालला असताना त्यांचा दुसराच चालतो आणि शेवटच्या चर्चेत ती सामील होऊच शकत नाहीत.

म्हणून एक अट घातली. सगळ्या वर्गाचं उद्दिष्ट एकच राहील : दोन अपूर्णांकांत मोठा कोणता हे सांगायचं आणि तो मोठा का हे छेद समान न करता पटवून द्यायचं. स्तर बदलेल तो वाटेत, आधारात आणि प्रश्नाच्या खोलीत. उदाहरणांची संख्या कोणाचीच वाढणार नाही.

६ जानेवारी

कोण कुठल्या स्तरावर, हे चाचणीच्या गुणांवरून ठरवायचं नाही. गुणांतून फक्त उत्तर बरोबर आलं की नाही ते कळतं. मुलाच्या डोक्यात काय चाललं होतं ते कळत नाही, आणि अपूर्णांकांच्या तुलनेत चुकीच्या विचारानेही बरोबर उत्तर हमखास येतं.

आमच्या वर्गात तीन चुकीचे विचार नेहमी भेटतात. पहिला, आकडे मोठे तो अपूर्णांक मोठा. दुसरा त्याच्या उलटा : छेद मोठा तो अपूर्णांक लहान. हा १/३ आणि १/५ शिकवताना आपणच रुजवलेला असतो, मुलं तो पुढे सगळीकडे लावतात. तिसरा सगळ्यात फसवा. पूर्ण व्हायला किती तुकडे कमी आहेत ते मोजायचं आणि ज्याला कमी तुकडे हवेत तो मोठा म्हणायचा. यात तुकड्याचा आकार बघितलाच जात नाही.

एकाच जोडीत पहिला आणि तिसरा असे दोन्ही विचार पकडता येतील का, म्हणून आज बराच वेळ जोड्या शोधत बसले. सापडेना. मग लक्षात आलं की अशी जोडी असूच शकत नाही. समजा, एका अपूर्णांकाचे आकडे मोठे आहेत आणि त्याला कमी तुकडेही हवे आहेत. मग त्याच्याकडे तुकडे जास्त आणि कमतरता थोडी, म्हणजे तो खरोखरच मोठा. दोन्ही चुकीचे विचार एकाच उत्तराकडे बोट दाखवतात तेव्हा ते उत्तर बरोबरच असतं. कागदावर हे दिसलं तेव्हा फार बरं वाटलं, कारण मागची सगळी वर्षं मी एकाच 'अवघड' जोडीवरून मुलांची पारख करत होते.

म्हणून प्रवेशचिठ्ठीत तीन जोड्या घेतल्या : ३/४ आणि ५/९, ३/५ आणि ५/८, ५/६ आणि ७/८. प्रत्येकीखाली एकच वाक्य लिहायचं, 'मला असं वाटलं कारण…'

आकडे मोठे तो मोठा म्हणणारा मूल पहिल्या जोडीत ५/९ म्हणून चुकेल, बाकी दोन्ही जोड्या त्याच्या बरोबर येतील. छेदाला घाबरणारा पहिली बरोबर देईल आणि पुढच्या दोन्हींत ३/५ आणि ५/६ म्हणेल. कमी तुकडे मोजणाराही पहिली बरोबर, दुसऱ्या जोडीत ३/५ म्हणून चूक, पण तिसरीत तो 'दोन्ही सारखे' म्हणेल, कारण दोन्हींना एकच तुकडा कमी आहे. ही तिसरी जोडी नसती तर शेवटचे दोघे वेगळे ओळखता आले नसते.

८ जानेवारी

तासाची शेवटची पाच मिनिटं चिठ्ठीला दिली. ३४ चिठ्ठ्या आल्या. घरी जमिनीवर पसरून गठ्ठे केले.

आकड्यांवर जाणारे ७. छेद मोठा म्हणजे लहान असं मानणारे ६. कमी तुकडे मोजणारे ५. तिन्ही बरोबर पण कारणाच्या जागी फक्त तिरकस गुणाकार, किंवा काहीच नाही, असे ९. तिन्ही बरोबर आणि कारणही खरं, असे ५. उरलेल्या दोन चिठ्ठ्यांचा अर्थ लागला नाही, त्या मुलांशी उद्या बोलणार आहे.

त्या नऊ जणांच्या गठ्ठ्यात वर्गातली 'हुशार' समजली जाणारी बरीचशी मुलं निघाली. ३ आठे २४, ५ पंचे २५, म्हणून ५/८ मोठा. तुलना झाली, वही बंद. २४ आणि २५ हे कशाचे आकडे आहेत, हे चिठ्ठीत कोणीच लिहिलं नव्हतं. (ते चाळिसांश आहेत, २४/४० आणि २५/४०.)

आणि कारण देणाऱ्या पाचांत एक मुलगी अशी आहे जिचं नाव मी स्वतःहून कधीच वरच्या स्तरात घातलं नसतं. पाढे अडखळत म्हणते, वही कायम अपुरी. ३/५ आणि ५/८ खाली तिने लिहिलंय :

'पाचाचे अर्धे अडीच. ३ म्हणजे अर्ध्यापेक्षा अर्धा तुकडा जास्त. आठाचे अर्धे ४. ५ म्हणजे एक तुकडा जास्त. पाचातला अर्धा तुकडा आठातल्या एका तुकड्यापेक्षा छोटा आहे. म्हणून ५/८.'

पाचातला अर्धा तुकडा म्हणजे १/१०, आठातला एक तुकडा म्हणजे १/८. तिने दहांश हा शब्दही वापरला नाही, पण विचार पूर्ण आहे. एक गुणाकार नाही. ही चिठ्ठी मी टाचणाच्या वहीत चिकटवून ठेवली आहे.

९ जानेवारी

त्या दोघांशी बोलले. दोघेही अंश आणि छेद यांतला फक्त फरक बघत नव्हते, चित्र काढून बघत होते, पण चित्रातल्या पट्ट्या कमीजास्त लांबीच्या होत्या. म्हणजे विचार ठीक, साधन बिघडलेलं. दोघांना पहिल्या स्तरावर घेतलं.

यावरून एक हिशेब आठवला आणि तो आधी न केल्याचं वाईट वाटलं. ३/५ आणि ५/८ यांतला फरक १/४०. मुलांनी वहीत १० सेंटिमीटरची पट्टी काढली तर हा फरक येतो अडीच मिलिमीटर. हाताने आठ समान भाग पाडताना तेवढी चूक सहज होते, आणि मग पट्टीवर ३/५ मोठाही दिसू शकतो. मुलाने प्रामाणिकपणे काढलेलं चित्रच त्याला फसवतं. म्हणून पहिल्या स्तराला पट्ट्या मी छापून देणार, ४० सेंटिमीटरच्या, दोन कागद जोडून. पाचाचा एक भाग ८ सेंटिमीटर, आठाचा एक भाग ५ सेंटिमीटर. ३/५ येतो २४ वर आणि ५/८ येतो २५ वर. एक सेंटिमीटरचा फरक बाकावर ठेवल्या ठेवल्या दिसतो.

तिरकस गुणाकारवाल्यांचे २४ आणि २५ इथे प्रत्यक्ष लांबी म्हणून उभे राहतात. हे शेवटच्या चर्चेसाठी राखून ठेवलं.

स्तरांची विभागणी अशी ठरली. पहिला स्तर, पट्ट्यांवर : आकड्यांवर जाणारे, छेदाला घाबरणारे आणि ही दोन मुलं, एकूण १५. दुसरा स्तर : कमी तुकडे मोजणारे ५ आणि गुणाकारवाले ९, एकूण १४. तिसरा स्तर : कारण देणारे ५.

कमी तुकडे मोजणाऱ्यांना पहिल्या स्तरात का नाही घातलं, असं शेजारच्या तुकडीच्या बाईंनी विचारलं. ती मुलं अर्ध्या वाटेवर पोचलेली आहेत. पूर्णाला किती कमी हे बघणं हीच उत्तम युक्ती आहे, फक्त 'किती' मोजताना तुकड्याचा आकार धरायचा राहिला आहे. ५/६ ला १/६ कमी, ७/८ ला १/८ कमी, १/८ छोटा, म्हणून ७/८ मोठा. त्यांना पट्टीपेक्षा हा एक धक्का पुरेल. गुणाकारवाल्यांना त्यांच्यासोबत बसवलं कारण दोघांकडे एकमेकांना हवं ते आहे : एकाकडे खात्रीचं उत्तर, दुसऱ्याकडे चित्र.

१२ जानेवारी

आज पहिल्या दोन स्तरांच्या कार्डांचं काम संपलं.

पहिल्या स्तराच्या कार्डावर तीन जोड्या. ३/५ आणि ३/८ : तुकडे तेवढेच, आकार वेगळा. ३/४ आणि ५/९ : पट्टीवर अर्ध्याची खूण करून घ्यायची आणि दोन्ही तिच्यापासून किती लांब ते बघायचं. आणि शेवटी ३/५ आणि ५/८.

दुसऱ्या स्तराच्या कार्डावर ५/६ आणि ७/८, मग ४/७ आणि ५/९, आणि शेवटी पुन्हा ३/५ आणि ५/८. मधली जोडी मुद्दाम निवडली. दोन्ही अर्ध्याच्या किंचित पुढे आहेत. साताचे अर्धे साडेतीन, म्हणून ४/७ अर्ध्याच्या अर्धा तुकडा पुढे. नवाचे अर्धे साडेचार, म्हणून ५/९ सुद्धा अर्धा तुकडा पुढे. पण साताचा तुकडा मोठा. म्हणून ४/७ मोठा. या स्तराला एकच नियम, उत्तर लिहीपर्यंत गुणाकार करायचा नाही. नंतर पडताळ्यासाठी खुशाल करा.

३/५ आणि ५/८ ही जोडी तिन्ही कार्डांवर राहील. त्यामुळे तासाच्या शेवटी फळ्यावर एकाच जोडीची तीन वेगवेगळी कारणं येतील आणि कोणत्याही बाकावरचं मूल ती ऐकू शकेल. कार्डांना रंग किंवा क्रमांक नाहीत. वर फक्त 'पट्टी', 'अर्धा', 'नेम' असे शब्द आहेत.

'नेम' हे तिसऱ्या स्तराचं कार्ड. त्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि ते अजून जमलेलं नाही.

१३ जानेवारी

तिसऱ्या कार्डाची कल्पना मुलांच्याच एका जुन्या चुकीतून आली. १/२ आणि १/३ ची बेरीज २/५ लिहिणारं एखादं मूल दरवर्षी असतं. अंशात अंश, छेदात छेद. बेरीज म्हणून ते चूकच, पण २/५ ही संख्या कुठे बसते बघा : १/३ आणि १/२ यांच्या मधे. आणि हे नेहमीच होतं. दोन अपूर्णांक वेगवेगळे असले की अंशांची बेरीज वर आणि छेदांची बेरीज खाली घेतली तर मिळणारा अपूर्णांक त्या दोघांच्या मधेच पडतो. ३/५ आणि २/३ घ्या, ५/८ मिळतो. म्हणजे आपल्या प्रवेशचिठ्ठीतला ५/८ हा ३/५ आणि २/३ यांच्या मधला आहे, आणि २/३ हा ३/५ पेक्षा मोठा असल्याने ५/८ सुद्धा ३/५ पेक्षा मोठा. तुलना झाली, आणि तीही नव्या वाटेने.

पहिल्या मसुद्यात मी हे थेट लिहिलं होतं : 'अंशात अंश आणि छेदात छेद मिळवा. काय दिसतं?' आज सुटीनंतर दोन मुलांवर ते करून पाहिलं. दोघांनी दहा मिनिटांत 'मधे येतो' हे शोधलं, खूश झाले. मग मी सहज विचारलं, १/२ अधिक १/३ किती? एकाने ५/६ सांगितलं, दुसऱ्याने २/५.

हे चालणार नाही. विस्तारकार्याने जुनी चूक घट्ट केली तर त्यापेक्षा ते न दिलेलं बरं. कार्ड नव्याने लिहायला घेतलं. 'मिळवा' हा शब्द आणि अधिकचं चिन्ह दोन्ही काढून टाकलं, आणि सगळं एका गोष्टीत बसवलं.

१६ जानेवारी

'नेम' कार्डाचा आजचा मसुदा असा आहे :

> एका खेळाडूने ५ नेम मारले, त्यांतले ३ लागले. मग आणखी ३ मारले, त्यांतले २ लागले. एकूण ८ पैकी ५.
> १. दुसऱ्या खेपेनंतर त्याची एकूण कामगिरी सुधारली की घसरली? कसं ठरवलंत?
> २. दुसऱ्या खेपेला ४ पैकी २ लागले असते तर?
> ३. दुसरी खेप कशी असली तर एकूण कामगिरी जराही बदलणार नाही? दोन उदाहरणं द्या.
> ४. कुठल्याही अपूर्णांकाचा अंश आणि छेद दोन्ही १ ने वाढवले तर तो नेहमी वाढतो का? ७/५ घेऊनही बघा.
> ५. ८/१३ आणि १३/२१ यांत मोठा कोणता? गुणाकार न करता सांगा.

पहिल्या प्रश्नाचं मला हवं असलेलं उत्तर असं : आधीच्याच दराने त्याने आणखी ३ मारले असते तर ३ चे ३/५ म्हणजे १.८ लागले असते. प्रत्यक्षात २ लागले, म्हणून सुधारली. नवी खेप जुन्या दरापेक्षा चांगली असेल तर एकूण दर वर जातो, वाईट असेल तर खाली येतो. दुसऱ्या प्रश्नात ४ पैकी २ म्हणजे अर्धा, तो ३/५ पेक्षा कमी, म्हणून ५/९ हा ३/५ च्या खाली.

या एका युक्तीने प्रवेशचिठ्ठीतल्या तिन्ही जोड्या सुटतात. ३/४ पासून ५/९ कडे जाताना नवी खेप ५ पैकी २, जुन्या दरापेक्षा वाईट, म्हणून घसरण. ५/६ पासून ७/८ कडे जाताना २ पैकी २, म्हणजे एकही नेम चुकला नाही, म्हणून वाढ.

चौथा प्रश्न नंतर घातला. पहिल्या चाचणीत एका मुलाने सरळ भागाकार केला : ०.६ आणि ०.६२५, दोन मिनिटांत काम संपलं. भागाकार ही काही चूक नाही, त्याला थांबवायचं कारणही नाही. पण प्रश्न असा हवा की एका भागाकाराने मिटणार नाही. 'नेहमी वाढतो का' याला कितीही भागाकार केले तरी उत्तर मिळत नाही, कारण लागतं. १ पेक्षा लहान अपूर्णांकात नवी खेप १ पैकी १, म्हणजे जुन्या दरापेक्षा चांगली, म्हणून वाढ. ७/५ मधे जुना दरच १ पेक्षा जास्त, मग तीच १ पैकी १ ची खेप त्याला खाली ओढते : ७/५ म्हणजे १.४ आणि ८/६ म्हणजे सुमारे १.३३. इथे नेमाची गोष्ट तुटते, कारण ५ पैकी ७ नेम लागू शकत नाहीत. मुलांना 'दर' हा शब्द गोष्टीतून सोडवून घ्यावा लागेल. हा ताण मला हवाच आहे.

पाचवा प्रश्न पायऱ्या उतरत जातो. ८/१३ पासून १३/२१ कडे जाताना नवी खेप ८ पैकी ५. म्हणून प्रश्न झाला, ५/८ मोठा की ८/१३? तिथे ५/८ पासून ८/१३ कडे जाताना खेप ५ पैकी ३. आणि ३/५ हा ५/८ पेक्षा लहान हे तर माहीतच आहे. म्हणून ८/१३ हा ५/८ च्या खाली आला. म्हणजे ५/८ हा ८/१३ पेक्षा चांगला दर, म्हणून १३/२१ मोठा.

युक्तीची मर्यादा कार्डाच्या मागे माझ्यासाठी लिहून ठेवली. दुसऱ्या अपूर्णांकाचे अंश आणि छेद दोन्ही मोठे असतील तरच ती लागते, आणि नव्या खेपेची तुलना मूळ तुलनेपेक्षा सोपी असेल तरच ती उपयोगाची. २/३ आणि ६७/१०० मधे खेप येते ९७ पैकी ६५, हाती काही लागत नाही. तिथे १०० चे दोन तृतीयांश सुमारे ६६.६७ हे बघणंच सरळ.

१९ जानेवारी

आज तास झाला. ४० मिनिटं.

पहिली सात मिनिटं सगळ्यांसोबत, प्रवेशचिठ्ठीतली नाव न सांगता तीन वाक्यं फळ्यावर लिहिली आणि 'यातलं कोणतं पटतं' एवढंच विचारलं. मग वीस मिनिटं कार्डं. माझा वेळ आधीच वाटून ठेवला होता : पहिली दहा मिनिटं पट्टीवाल्यांकडे, पाच मिनिटं अर्ध्यावाल्यांकडे, शेवटची पाच नेमवाल्यांकडे. दर वेळी मी आधी हुशार मुलांच्या बाकाकडे ओढली जाते, कारण तिथे बोलणं रंगतं, आणि पट्टीवाले तोवर चुकीची खूण करून पुढे गेलेले असतात. आज घड्याळ बघून थांबले.

पट्टीवाल्यांत एक गंमत झाली. ३/५ चं टोक २४ वर आणि ५/८ चं २५ वर आलं हे बघून मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, 'बाई, ही पट्टी ४० चीच का?' मी म्हटलं, ३० ची घेऊन बघ. त्याने बराच वेळ आठ भाग पाडायचा प्रयत्न केला, पावणेचारावर अडकला, आणि म्हणाला, '४० ला दोघांनीही भाग जातो म्हणून.' समान छेद कशासाठी लागतो, हे त्याने असं हातातल्या पट्टीतून काढलं. हे मी त्याच्या कार्डावर घातलंच नव्हतं. पुढच्या वेळी पट्टीच्या कार्डावर शेवटी हाच प्रश्न येणार : ही पट्टी ४० ची का?

अर्ध्यावाल्यांत गुणाकारवाली मुलं पहिली काही मिनिटं अस्वस्थ होती. दोघांनी बाकाखाली हातावर गुणाकार केला आणि मग कारण उलटं रचलं. ते वाचताना कळतं : कारणात तुकड्याचा आकार येत नाही, फक्त 'कारण तो मोठा आहे' असं येतं. त्यांना ४/७ आणि ५/९ वर अडवलं, चित्र काढायला लावलं.

नेमवाल्यांत पाढे अडखळणारी ती मुलगी पहिल्या प्रश्नाला सगळ्यांच्या आधी पोचली. चौथ्यावर वाद झाला. एक म्हणत होता, '१ ने वाढवलं की नेहमी वाढतो, मी सहा उदाहरणं केली.' ती म्हणाली, 'तुझी सगळी उदाहरणं १ पेक्षा लहान आहेत.' मग ७/५ केला. पाचवा प्रश्न दोघांनीच पुरा केला. बाकीच्यांना वेळ पुरला नाही आणि मी घाईही केली नाही.

शेवटची तेरा मिनिटं ३/५ आणि ५/८ साठी. तीन स्तरांतून प्रत्येकी एक जण फळ्यापाशी. पट्टी, मग अर्धा, मग नेम. नेमाचं कारण ऐकून पट्टीवाल्यांतली एक मुलगी म्हणाली, 'म्हणजे २५ वर का गेला ते कळलं.' हे कारण तिच्या बाकावरचं नव्हतं, तरी तिने ते उचललं.

२० जानेवारी

निरोपाची चिठ्ठी घेतली, नव्या जोड्यांवर : ४/५ आणि ५/९, २/३ आणि ७/१०, ६/७ आणि ८/९. रचना तीच, प्रवेशचिठ्ठीतल्यासारखी. काल सगळेच होते, आजही ३४ चिठ्ठ्या.

आकड्यांवर जाणारे ७ होते, आता १. छेदाला घाबरणारे ६ होते, आता २. कारणाशिवाय बरोबर देणारे ९ होते, आता ४. पण कमी तुकडे मोजणारे ५ होते ते ४ उरले. २/३ ला एकच तुकडा कमी, ७/१० ला तीन, म्हणून २/३ मोठा, असं चौघांनी पुन्हा लिहिलं. म्हणजे एक धक्का पुरेल हा माझा अंदाज चुकला.

चौघांच्या वह्या पाहिल्या. ५/६ आणि ७/८ त्यांनी बरोबर सोडवलं होतं, कारण तिथे कमी तुकडा दोन्हीकडे एकच आहे आणि आकार आपोआप बोलतो. जिथे कमी तुकड्यांची संख्या वेगळी तिथे ती पुन्हा फक्त मोजायला लागतात. कार्डावरच्या अशा जोड्या अर्ध्यापासून मोजून सुटत होत्या, पूर्णाला किती कमी हे बघायची वेळच येत नव्हती. दोष कार्डाचा आहे. दुसऱ्या स्तरात २/३ आणि ७/९ घालायला हवी होती : एक तुकडा कमी विरुद्ध दोन तुकडे कमी, पण १/३ म्हणजे ३/९, आणि दोन नवमांश त्याहून कमी. उद्या या चौघांना बाजूला घेऊन हीच जोडी पट्टीवर ठेवणार आहे. १८ सेंटिमीटरची पट्टी, एक टोक १२ वर, दुसरं १४ वर.

नेमवाल्या पाचांना मी चिठ्ठीच्या मागे १/२ + १/३ विचारलं होतं. पाचही जणांनी ५/६ लिहिलं. एकाने खाली जोडलंय : '२/५ नाही, कारण तो १/२ पेक्षाही लहान आहे, बेरीज लहान कशी होईल.'

२३ जानेवारी

नेमवाल्यांपैकी एकाने आज विचारलं : १/२ हा २/४ असाही लिहिता येतो. मग १/३ सोबत एकदा २/५ येतो आणि एकदा ३/७. खरा कोणता?

प्रश्न अगदी वर्मावर आहे. दोन्ही मधेच पडतात, पण जागा वेगळी : २/५ म्हणजे ०.४, ३/७ म्हणजे सुमारे ०.४२९. २/४ म्हणजे ४ नेम मारले, त्यामुळे त्या खेपेचा भार वाढतो आणि उत्तर १/२ कडे सरकतं. ही क्रिया अपूर्णांकाच्या किमतीवर होत नाही, तो कसा लिहिलाय त्यावर होते. बेरजेचं तसं नाही, १/२ कसाही लिहा, बेरीज तीच. मी त्याला एवढंच म्हटलं की २/४ आणि १/२ मधे किती नेम मारले ते बघ. उरलेलं त्याने स्वतः केलं.

या पाचांसाठी पुढचं कार्ड तयार केलं. ० पासून १ पर्यंतचे, छेद ५ पर्यंतचे सगळे अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात चढत्या क्रमाने लिहायचे :

०/१, १/५, १/४, १/३, २/५, १/२, ३/५, २/३, ३/४, ४/५, १/१

मग कोणतेही लागोपाठचे तीन घ्यायचे आणि मधल्याचं दोन्ही शेजाऱ्यांशी नातं शोधायचं. १/५ आणि १/३ घेतले तर २/८, म्हणजे १/४. ३/५ आणि ३/४ घेतले तर ६/९, म्हणजे २/३. प्रत्येक मधला त्याच्या शेजाऱ्यांच्या 'एकत्र खेपे'तून येतो. दुसरा प्रश्न : छेद ६ पर्यंत नेला तर या ११ अपूर्णांकांत फक्त दोनच नवे का येतात, आणि ७ पर्यंत नेला तर एकदम सहा का? हे नातं जॉन फॅरी नावाच्या इंग्लिश भूगर्भशास्त्रज्ञाने १८१६ साली छापून मांडलं आणि सिद्धता फ्रेंच गणिती कोशीने दिली. त्याआधी १८०२ मधे आरो या फ्रेंच माणसाने अशीच यादी केली होती. कार्डाच्या मागे ही दोन वाक्यं लिहिली आहेत. फॅरीने ते सिद्ध केलं नव्हतं, त्याला ते फक्त दिसलं होतं, हे मुलांना कळायला हवं.

हे कार्ड नेमवाल्यांपुरतं ठेवायचं नाही. पट्टी ४० चीच का असं विचारणारा तो मुलगाही उद्या याच बाकावर बसेल. पुढच्या धड्याआधी प्रवेशचिठ्ठी पुन्हा होईल आणि गठ्ठे पुन्हा नव्याने पडतील.